कमाई, नफा, मार्जिन आणि आधिक्य: अहवालात एकाच्या जागी दुसरा शब्द का चालत नाही

वार्षिक अहवालातले तक्ते चार-चार जण तपासतात. त्यांच्या पुढेमागे येणारा मजकूर, म्हणजे अध्यक्षांचं निवेदन, संचालक मंडळाचा आढावा, प्रसिद्धीपत्रक, तितक्या बारकाईने कुणी वाचत नाही. चुका तिथेच घुसतात. मागच्या वाक्यात ‘नफा’ आला होता, म्हणून पुढच्या वाक्यात कानाला बरं वाटावं यासाठी ‘कमाई’ लिहिलं जातं, तिसऱ्यात ‘आधिक्य’. शाळेत निबंध लिहिताना हा गुण असेल. आर्थिक अहवालात प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीकडे बोट दाखवतो. शब्द बदलला की आकडाही बदलायला हवा, आणि तो तर बदललेला नसतो.

खाली एकाच कंपनीचे एका वर्षाचे आकडे घेऊन हे चारही शब्द कुठे बसतात ते पाहू. कंपनी काल्पनिक आहे, आकडे लाखांत आहेत.

| ओळ | रक्कम |
|---|---|
| विक्री महसूल | 5,000 |
| विकलेल्या मालाचा खर्च | 3,200 |
| ढोबळ नफा | 1,800 |
| पगार, प्रशासन, विक्री खर्च | 900 |
| घसारा | 200 |
| कामकाजातील नफा | 700 |
| व्याज | 200 |
| करपूर्व नफा | 500 |
| कर | 125 |
| निव्वळ नफा | 375 |

पहिली पायरी: ‘नफा’ लिहिण्याआधी काय वजा झालंय ते लिहा

या तक्त्यात नफा चार ठिकाणी आहे: 1,800, 700, 500 आणि 375. चारही खरे आहेत. म्हणून विशेषणाशिवाय नुसता ‘नफा’ लिहिला की वाचक आपल्या सोयीचा आकडा मनात धरतो. कर्ज देणारी बँक व्याजाआधीचा आकडा पाहते, भागधारक कर भरून उरलेला पाहतो. आपला नियम सोपा ठेवावा: अहवालात ‘नफा’ हा शब्द एकटा येऊ द्यायचा नाही. आधी ढोबळ, कामकाजातील, करपूर्व किंवा निव्वळ हवं आणि तक्त्यातल्या ओळीचं जे नाव आहे तेच अक्षरशः हवं.

यात ‘कामकाजातील नफा’ सगळ्यात निसरडा. आयएफआरएस ही आंतरराष्ट्रीय लेखा मानकं पाळणाऱ्या कंपन्यांसाठी या उपबेरजेची व्याख्याच अनेक वर्षं नव्हती. कुणी गुंतवणुकीवरचं व्याज त्यात धरायचं, कुणी सहयोगी कंपनीतला हिस्सा धरायचं, कुणी दोन्ही बाहेर ठेवायचं. एप्रिल 2024 मध्ये आलेल्या आयएफआरएस 18 या मानकाने उत्पन्न आणि खर्चाची कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा अशी विभागणी केली आणि कामकाजातील नफा ही उपबेरीज सक्तीची केली. हे मानक 1 जानेवारी 2027 पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू आहे. तोवरच्या अहवालांत दोन कंपन्यांचा कामकाजातील नफा शेजारी ठेवण्याआधी दोघींनी त्यात काय काय धरलंय ते टिपांमध्ये पाहिलंच पाहिजे. नाव सारखं आहे म्हणून आकडा तुलनायोग्य आहे, असं समजू नये.

दुसरी पायरी: ‘कमाई’ लिहिली की ती कुणाची ते विचारा

बोलण्यात ‘कमाई’ कशालाही म्हणतात. चित्रपटाच्या बातम्यांत तर ती तिकीटविक्रीची ढोबळ रक्कम असते, खर्चाचा तिच्याशी काही संबंध नसतो. त्यामुळे आपल्या कंपनीची ‘कमाई 5,000 लाख’ असं लिहिणारा माणूस स्वतःच्या मते बरोबरच असतो. पण गुंतवणूकदारांच्या भाषेत कमाई म्हणजे सगळे खर्च, व्याज, कर आणि इतरांचे हक्क वजा करून सामान्य भागधारकांच्या वाट्याला उरलेली रक्कम. महसुलाला महसूलच म्हणावं. सगळा घोळ टाळण्याचा एवढा एकच उपाय मला तरी माहीत आहे.

आता हा ‘वाट्याला उरलेला’ भाग जरा जवळून पाहू, कारण निव्वळ नफा आणि कमाई एकच असं समजण्याची सवय फार रुजलेली आहे.

आपल्या कंपनीची एक उपकंपनी आहे. तिच्यात आपला हिस्सा 80 टक्के. तिने वर्षभरात 75 लाखांचा निव्वळ नफा मिळवला. एकत्रित नफा-तोटा पत्रकात तो पूर्ण 75 लाख धरलेला असतो, 80 टक्के नाही. पण त्यातले 20 टक्के, म्हणजे 15 लाख, उपकंपनीच्या बाहेरच्या भागधारकांचे आहेत. म्हणून 375 मधून 15 गेले, उरले 360. शिवाय कंपनीने अग्रहक्क भाग काढले आहेत आणि त्यांचा वर्षाचा लाभांश 10 लाख आहे. हे भाग स्वभांडवलात मोडत असल्याने त्यांचा लाभांश नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसत नाही, पण सामान्य भागधारकाच्या आधी त्यांचा हक्क आहे. तोही वजा केला की 350 उरतात. सामान्य भागधारकांची कमाई ही.

प्रति शेअर कमाई काढताना भागाकाराच्या खालची संख्याही तशीच चुकते. वर्षाच्या सुरुवातीला 80 लाख शेअर होते, सहा महिन्यांनी 40 लाख नवे काढले. वर्षअखेर 120 लाख झाले खरे, पण नव्या शेअरचा पैसा अर्धं वर्षच वापरायला मिळाला. म्हणून त्याच मानकमालेतल्या आयएएस 33 प्रमाणे वेळेनुसार भारित सरासरी घ्यायची: 80 लाख अधिक 40 लाखांचा अर्धा भाग, एकूण 100 लाख. 350 भागिले 100, म्हणजे प्रति शेअर 3.50.

इथे ‘निव्वळ नफा’ आणि ‘कमाई’ यांची अदलाबदल करून पाहा. 375 ला 100 ने भागलं तर 3.75 येतात. 375 ला वर्षअखेरच्या 120 ने भागलं तर 3.125. शेअरचा भाव 70 असेल तर बरोबर आकड्यावर किंमत-कमाई गुणोत्तर 20 येतं, 3.75 धरलं तर 18.7 च्या आसपास. शेअर आहे त्यापेक्षा स्वस्त दिसतो, आणि कुणीही एकही आकडा खोटा लिहिलेला नसतो.

आणखी एक अडचण एबिटडाची. व्याज, कर, घसारा आणि निर्लेखन वजा करण्याआधीची कमाई, असं त्याचं वर्णन होतं. आपल्या कंपनीत तो 700 अधिक 200, म्हणजे 900. नावात कमाई असली तरी यातून बँकेचं व्याज जायचंय, सरकारचा कर जायचाय, जुनी होणारी यंत्रं बदलायचीत. त्यामुळे ‘कंपनीची कमाई 900 लाख’ हे वाक्य भागधारकापुढे ठेवणं दिशाभूल आहे, मग लिहिणाऱ्याचा हेतू काहीही असो. अमेरिकेतल्या नोंदणीकृत कंपन्यांनी असा आकडा दिला तर त्याचा मेळ निव्वळ नफ्याशी घालून दाखवावा लागतो. या चार गोष्टींखेरीज आणखी काही वगळलं असेल तर त्याला एबिटडा म्हणता येत नाही, ‘समायोजित’ हा शब्द लावावा लागतो. तुमच्या देशात असा नियम असो वा नसो, मेळ घालणारी चार ओळींची तळटीप द्यायला काहीच लागत नाही. ती द्यायला कुणी कां-कूं करत असेल तर मी आधी तोच आकडा तपासतो.

तिसरी पायरी: मार्जिनला छेद विचारा

नफा ही रक्कम आहे, मार्जिन हे प्रमाण. प्रमाण म्हटलं की खाली छेद आला, आणि बहुतेक चुका छेदात असतात.

आपल्या कंपनीचं ढोबळ मार्जिन 1,800 भागिले 5,000, म्हणजे 36 टक्के. खरेदी-विक्री सांभाळणारी माणसं मात्र अनेकदा खर्चावर किती चढवले ते सांगतात: 1,800 भागिले 3,200, म्हणजे 56.25 टक्के. दोघंही त्याला मार्जिनच म्हणतात. एका विभागाचा आकडा विक्रीवर आणि दुसऱ्याचा खर्चावर काढलेला असेल आणि दोन्ही एकाच तक्त्यात आले, तर दुसरा विभाग उगाच हुशार ठरतो. ओळखायचं कसं? विक्रीवरचं ढोबळ मार्जिन 100 टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. ‘120 टक्के मार्जिन’ असं दिसलं तर ते खर्चावर काढलंय हे नक्की. 100 च्या खालच्या आकड्यांत ही सोय नाही, तिथे मूळ रकमा मागवून घ्याव्या लागतात.

दुसरी चूक जास्त नुकसान करते. मागच्या वर्षी महसूल 5,500 आणि कामकाजातील नफा 715 होता, असं धरू. मार्जिन 13 टक्के. यंदा 5,000 वर 700, मार्जिन 14 टक्के. मार्जिन वाढलं, नफा 15 लाखांनी घटला. कदाचित कंपनीने तोट्यातलं एखादं उत्पादन बंद केलं असेल, कदाचित चांगलं गिऱ्हाईक गेलं असेल. ते वेगळं शोधावं लागेल. पण ‘नफ्यात वाढ’ असा मथळा देणाऱ्याने प्रमाणाला रक्कम समजून सरळ चुकीचं विधान केलेलं असतं. ‘नफ्याचं प्रमाण वाढलं’ या वाक्यातून घाईत ‘प्रमाण’ गळतं आणि हे घडतं. म्हणून मला अशा ठिकाणी ‘मार्जिन’ हाच शब्द बरा वाटतो. तो रकमेशी गोंधळत नाही.

वाढ लिहितानाही जपून. 13 वरून 14 ही ‘1 टक्का वाढ’ नाही. सापेक्ष वाढ सुमारे 7.7 टक्के आहे. वित्त क्षेत्रात ‘100 बेसिस पॉइंट’ म्हणतात, ते चालेल. सगळ्यात निर्धोक म्हणजे ‘13 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर गेलं’ असं दोन्ही आकडे देऊन लिहिणं.

चौथी पायरी: ‘आधिक्य’ दिसलं की ते कुठल्या पत्रकात आहे ते पाहा

इथे जरा थांबायला हवं, कारण हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लागतो आणि त्यातली एकही कंपनीच्या नफ्याची समानार्थी नाही.

पहिली गोष्ट पुनर्मूल्यांकनातलं आधिक्य. आपल्या कंपनीकडे कारखान्याची जमीन आहे, पुस्तकी किंमत 400 लाख. कंपनी आयएएस 16 मधली पुनर्मूल्यांकनाची पद्धत वापरते. मूल्यांकनात जमिनीची किंमत 1,000 लाख ठरली. वरचे 600 लाख नफा-तोटा पत्रकातल्या नफ्यात जात नाहीत. ते इतर सर्वंकष उत्पन्नात दिसतात आणि ताळेबंदात स्वभांडवलाखाली पुनर्मूल्यांकन आधिक्य म्हणून साठतात. (यावरचा स्थगित कर हिशोब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवतोय, प्रत्यक्षात तो वजा होतो.) निव्वळ नफा 375 आणि हे 600 मिळून 975 होतात, आणि त्या बेरजेला नाव आहे: एकूण सर्वंकष उत्पन्न. तिला ‘एकूण नफा’ म्हणायचं नाही.

पुढे काय होतं ते पाहिलं की भेद पक्का कळतो. दोन वर्षांनी कंपनी ती जमीन 1,050 लाखांना विकते. 400 ची जमीन 1,050 ला गेली, म्हणून मजकूर लिहिणारा ‘विक्रीतून 650 लाख नफा’ लिहितो. नफा-तोटा पत्रकात मात्र फक्त 50 लाख दिसतात, कारण विक्रीच्या वेळी पुस्तकी किंमत 1,000 होती. उरलेले 600 लाख आधिक्याच्या खात्यातून थेट राखून ठेवलेल्या नफ्यात वळवता येतात, पण नफा-तोटा पत्रकातून जात नाहीत. म्हणजे हे 600 लाख कुठल्याच वर्षाच्या निव्वळ नफ्यात किंवा प्रति शेअर कमाईत कधीच येत नाहीत. वाचक पाच वर्षांचे नफे बेरजेला घेऊन स्वभांडवलाशी जुळवायला बसला तर त्याला हीच तफावत सापडेल, आणि मजकुरात 650 चा नफा लिहिलेला असेल तर ती कधी सुटणारच नाही.

हीच जमीन कारखान्याऐवजी भाड्यासाठी किंवा भाव वाढेल म्हणून ठेवलेली असती आणि कंपनी आयएएस 40 खाली वाजवी मूल्याची पद्धत वापरत असती, तर तेच 600 लाख त्याच वर्षी नफ्यात गेले असते. आणि अमेरिकी मानकांखाली कारखान्याच्या जमिनीचं मूल्य असं वर नेताच येत नाही, म्हणजे हे आधिक्य जन्मालाच येत नाही. त्यामुळे जमिनीच्या वाढलेल्या किमतीबद्दल एक वाक्य लिहायचं तरी मानक आणि वापर दोन्ही आधी पाहावे लागतात.

दुसरी गोष्ट भांडवली आधिक्य. वर जे 40 लाख नवे शेअर काढले, त्यांची दर्शनी किंमत 10 आणि विक्री 15 ला, असं धरलं तर वरचे 200 लाख हे भागधारकांनीच घातलेले पैसे आहेत. जुन्या अहवालांत त्याला भांडवली आधिक्य म्हटलेलं सापडतं. यात कमावलेलं काहीच नाही. अमेरिकेतल्या लेखापालांच्या संस्थेच्या परिभाषा समितीने 1953 च्या आपल्या पहिल्या पत्रिकेत ताळेबंदात ‘आधिक्य’ हा शब्द वापरणं सोडावं अशी शिफारस केली, ती याच घोळामुळे. भागधारकांनी दिलेले आणि धंद्याने कमावलेले पैसे एकाच नावाखाली वावरत होते.

तिसरी गोष्ट ना-नफा संस्थेचा वाढावा, म्हणजे खर्चापेक्षा जास्त झालेलं उत्पन्न. त्याला नफा म्हणू नये, हे बहुतेकांना माहीत असतं. कारण विचारलं तर ‘संस्था नफ्यासाठी नाही’ एवढंच सांगतात. खरं कारण पुढे आहे. एका संस्थेचं उत्पन्न 300 लाख, खर्च 240 लाख, वाढावा 60. उत्पन्नातले 120 लाख एका ठरावीक प्रकल्पासाठी देणगीदाराने दिलेले आहेत आणि त्यातले 50 च खर्च झाले. म्हणजे 70 लाख प्रकल्पाखेरीज कशालाही वापरता येणार नाहीत. उरलेल्या कामासाठी उत्पन्न 180 आणि खर्च 190, म्हणजे 10 लाखांची तूट. कागदावर 60 लाखांचा वाढावा असलेल्या संस्थेकडे पुढच्या महिन्याच्या पगाराची ओढाताण असू शकते. त्याला नफा म्हटलं की ‘पैसे आहेत तर देणगी कशाला मागता’ हा प्रश्न येणारच.

त्यातही संस्था कुठली पद्धत वापरते यावर आकडा फिरतो. न वापरलेली 70 लाखांची देणगी काही पद्धतींत दायित्व म्हणून पुढे ओढतात. तसं केलं तर हीच संस्था, हेच काम, बँकेत हेच पैसे, पण निकाल 60 च्या वाढाव्याऐवजी 10 ची तूट. म्हणून वाढाव्याचा आकडा लिहिताना तो निर्बंधित आणि अनिर्बंधित असा फोडूनच लिहावा आणि देणगीची नोंद कशी केली ते एका वाक्यात सांगावं.

पाचवी पायरी: मजकूर हातात घ्या आणि ओळ-ओळ जुळवा

अध्यक्षांच्या निवेदनाचा असा मसुदा आला आहे असं समजा:

“यंदा कंपनीची कमाई 900 लाखांवर पोहोचली. नफ्यात 1 टक्क्याची वाढ झाली. जमिनीवरील 600 लाखांच्या नफ्यासह एकूण नफा 975 लाख असून हे आधिक्य भागधारकांच्या हिताचे आहे.”

संगणकावर ‘कमाई’, ‘नफा’, ‘मार्जिन’, ‘आधिक्य’ हे चार शब्द एकेक करून शोधा. प्रत्येक ठिकाणी समासात तक्त्यातल्या ओळीचं नाव लिहा. 900 पुढे ओळच सापडत नाही, कारण ती उपबेरीज तक्त्यात नाही. म्हणजे मेळ द्यावा लागेल. 1 टक्क्यापुढे मार्जिन आहे, नफा नाही. 600 पुढे इतर सर्वंकष उत्पन्न, 975 पुढे एकूण सर्वंकष उत्पन्न. शेवटच्या वाक्यातलं आधिक्य तर 975 ला लावलंय, आणि ताळेबंदात त्या नावाखाली 600 च आहेत. शिवाय अनेक देशांच्या कंपनी कायद्यांत असं न वसूल झालेलं आधिक्य लाभांश म्हणून वाटता येत नाही, म्हणून ‘भागधारकांच्या हिताचे’ हे शब्द लाभांशाची आशा लावतात. ते काढूनच टाकलेले बरे.

दुरुस्त मजकूर थोडा रुक्ष होतो, त्याला इलाज नाही:

“यंदा कामकाजातील नफा 715 लाखांवरून 700 लाखांवर आला, विक्री घटूनही मार्जिन 13 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर गेले. व्याज, कर, घसारा आणि निर्लेखनापूर्वीचा आकडा 900 लाख असून निव्वळ नफ्याशी त्याचा मेळ टिपेत दिला आहे. निव्वळ नफा 375 लाख झाला. त्यातून सामान्य भागधारकांच्या वाट्याला 350 लाख, म्हणजे प्रति शेअर 3.50 आले. जमिनीच्या पुनर्मूल्यांकनातून 600 लाखांचे आधिक्य स्वभांडवलात जमा झाले. ते निव्वळ नफ्यात धरलेले नाही.”

हे झालं की मागच्या वर्षीचा अहवाल उघडा आणि हेच चार शब्द त्यात शोधा. मागच्या वर्षी 700 च्या जागी जी ओळ होती तिला ‘परिचालन नफा’ म्हटलं असेल आणि यंदा ‘कामकाजातील नफा’, तर व्याख्या बदलली की फक्त शब्द बदलला, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. फक्त शब्द बदलला असेल तर जुना परत आणा. व्याख्या बदलली असेल तर मागच्या वर्षीचा आकडाही नव्या व्याख्येने पुन्हा काढून शेजारी छापा.